रागाचा कागद, अर्जाचा कागद
(प्रस्तावना)

ज्या वर्षी सोयाबीनची उगवण फसते, त्या वर्षी जूनच्या शेवटच्या आठवड्यात परभणी जिल्ह्यातल्या तालुका कृषी कार्यालयांच्या आवक टेबलावर अर्जांची चळत लागते. विषयाची ओळ बहुतेक सारखीच असते : ‘सोयाबीनचे बियाणे न उगवल्याबाबत’. पुढचा मजकूरही ओळखीचा. कंपनी बोगस आहे, दुकानदार तिचा दलाल आहे, अधिकारी त्यांना मिळालेले आहेत, एक दाणाही उगवला नाही, तात्काळ कारवाई न झाल्यास तीव्र आंदोलन छेडण्यात येईल. खाली सही, कधी अंगठा. दोन पानं भरलेली असतात आणि त्या दोन पानांत पिशवीचा लॉट नंबर मात्र कुठंच नसतो.

हातातली ही पुस्तिका त्या न लिहिलेल्या लॉट नंबरासाठी आहे. तक्रारअर्ज अनेक प्रकारचे असतात, पण इथं मुद्दाम एकच घेतला आहे. सोयाबीनच्या उगवणीची तक्रार आपल्या भागात घरोघरी कळते, तिच्यातला राग खरा असतो आणि त्या रागामुळं अर्ज कुठं कमकुवत होतो, ते तिच्यात बोट ठेवून दाखवता येतं.

२०२० चा खरीप आठवा. मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा एवढा पूर आला, की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं वर्तमानपत्रांतल्या बातम्यांची स्वतःहून दखल घेतली. पारापारावर तेव्हा एकच शब्द होता : बोगस. पण त्याच्या आदल्या वर्षीची, २०१९ ची सुगी ज्यांनी पाहिली होती, त्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक होती. परतीच्या पावसात सोयाबीन काढणीला आलेलं भिजलं होतं. सोयाबीनच्या दाण्याचं टरफल पातळ असतं. भिजून वाळलेला, मळणीत मार खाल्लेला किंवा हाताळताना आपटलेला दाणा वरून धडधाकट दिसतो, पण त्याची उगवणशक्ती गेलेली असू शकते. म्हणजे बियाणं खरोखरच सदोष असेल आणि तरीही ते कुणी कट करून विकलेलं नसेल, असं घडू शकतं. शेतकऱ्याचं नुकसान दोन्ही बाबतींत तेवढंच असतं. सिद्ध काय करावं लागेल, ते मात्र पार बदलतं. ‘फसवलं’ म्हटलं की विकणाऱ्याच्या मनात काय होतं ते दाखवायची जबाबदारी आपल्यावर येते. ‘उगवलं नाही’ म्हटलं की रोपं मोजून दाखवली तरी पुरतं. ग्राहक कायद्याखाली मालातला दोष दाखवायला विकणाऱ्याची नियत सिद्ध करावी लागत नाही. रागाच्या भरात आपण सोपं काम सोडून अवघड काम अंगावर घेतो, ते असं.

आपल्या अर्जाच्या भाषेचाही थोडा इतिहास आहे. १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या राज्यात होतं आणि सरकारी कामकाज उर्दूत चाले. साध्या माणसाची कैफियत दुसऱ्याच्या हातून, दुसऱ्याच भाषेत कागदावर उतरे. ‘मायबाप सरकार’ ही विनवणी त्या काळाची. पुढं मोर्चे आले, निवेदनं आली, आणि विनवणीच्या जागी इशारा बसला. आजच्या अर्जात बरेचदा दोन्ही सापडतात : पहिल्या परिच्छेदात आपण पाया पडतो आणि शेवटच्या परिच्छेदात धमकी देतो. या दोन्हींच्या मध्ये, काय झालं ते सांगणारा भाग चार ओळींत आटोपलेला असतो.

आता एक मसुदा जवळून पाहू. तो उदाहरणासाठी रचलेला आहे. गाव, नाव, कंपनी काहीही खरं नाही, वाक्यं मात्र कुठल्याही अर्जात भेटतील अशीच आहेत.

‘या चोर कंपनीने व तिच्या दलाल दुकानदाराने आम्हा गोरगरिबांना बोगस बियाणे देऊन देशोधडीला लावले आहे. एक दाणाही उगवला नाही. चार वेळा दुकानात गेलो असता हाकलून दिले. कृषी खात्याचे सर्व अधिकारी कंपनीला मिळालेले असल्याने कोणीही फिरकले नाही. माझे पाच लाखांचे नुकसान झाले असून न्याय न मिळाल्यास आत्मदहन करीन.’

या मजकुरावर थेट लाल रेघ ओढू नका. रागाला बऱ्याच गोष्टी आठवत असतात. प्रत्येक वाक्यापुढं एकच प्रश्न लिहा : हे मला कशावरून माहीत आहे? मी डोळ्यानं पाहिलं, माझ्याजवळ त्याचा कागद आहे, कुणी मला सांगितलं, की मला तसं वाटतं? पहिल्या दोन उत्तरांची वाक्यं अर्जात जातात. तिसऱ्या उत्तराचं वाक्य सांगणाऱ्याच्या उल्लेखासह जातं. चौथं घरीच राहतं. पुढं प्रकरण ग्राहक आयोगात गेलं, तर तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि तिथंही स्वतःला माहीत असलेलं आणि इतरांकडून कळलेलं वेगळं करावंच लागतं. ही विभागणी पहिल्याच अर्जात केलेली बरी.

‘एक दाणाही उगवला नाही’ हे वाक्य सगळ्यात धोक्याचं आहे, कारण ते खोटं ठरवायला सगळ्यात सोपं आहे. पंचनाम्याला आलेली समिती तासात वाकून पाहील आणि तिला हातभर अंतरात तीन-चार रोपं दिसतील. पंचनाम्यात तसं लिहिलं गेलं, की कंपनीचा वकील पुढं एवढंच म्हणेल : अर्जदार सुरुवातीलाच खोटं बोलतो. मग लॉट नंबर खरा, बिल खरं, तरी त्यांच्यावर आधी संशय येतो. अतिशयोक्तीचं नुकसान असं शेजारच्या खऱ्या वाक्यांना भोगावं लागतं.

त्याऐवजी रोपं मोजायची. दोरीला एक मीटरवर गाठ मारा आणि रानात दहा ठिकाणी तासावर ती टाकून रोपं मोजा. जागा सोयीच्या निवडू नका. बांधापासून मध्यापर्यंत ठरावीक पावलांवर थांबा. आपल्या उदाहरणातल्या शेतकऱ्यानं तसं केलं. आकडे आले : ७, ५, ९, ६, ८, ४, ७, ६, १०, ६. सरासरी ६.८. हे दहाच्या दहा आकडे अर्जात लिहायचे, नुसती सरासरी नाही. त्यात १० चा आकडाही राहू द्यायचा, कारण सोयीचे तेवढेच आकडे निवडले नाहीत, हे त्यावरूनच दिसतं.

६.८ कमी कशावरून? त्याचा हिशेब कठीण नाही. एकरी ३० किलो, म्हणजे हेक्टरी साधारण ७५ किलो बियाणं. शंभर दाण्यांचं वजन १२ ग्रॅम धरलं, तर ते सव्वासहा लाख दाणे झाले. दोन तासांत ४५ सेंटीमीटर अंतर असेल, तर मीटरभर तासात सुमारे २८ दाणे पडतात. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवणक्षमता किमान ७० टक्के असावी, असं मानक आहे. त्या हिशेबानं मीटरमागं वीसेक रोपं दिसायला हवीत. प्रयोगशाळेतल्या उगवणीइतकी उगवण रानात मिळत नाही, म्हणून दोन-चार रोपं कमी धरा. तरीही ६.८ आणि त्या आकड्यात मोठी दरी राहते. हा हिशेब अर्जात दोन वाक्यांत मांडला, तर ‘बोगस’ या शब्दाची गरज उरत नाही.

त्या शब्दाची आणखी एक अडचण आहे. बोगस म्हणजे नेमकं काय? उगवत नाही ते, भेसळीचं, दुसऱ्याच वाणाचं, की दुसऱ्याची पिशवी छापून भरलेलं? या चारही तक्रारी वेगळ्या आणि त्यांचे पुरावेही वेगळे. उगवणीची तक्रार असेल तर ‘उगवण’ हाच शब्द वापरावा. मग अधिकाऱ्याला नेमकं काय तपासायचं ते कळतं. पिशवीवरच्या लेबलाचा रंगही नोंदवा. निळं लेबल प्रमाणित बियाण्याचं, हिरवं सत्यदर्शक बियाण्याचं. त्याच्यावरची चाचणीची तारीख, वैधतेची मुदत आणि लॉट नंबर जसेच्या तसे उतरवून घ्या.

लॉट नंबर इतका महत्त्वाचा का, हे इथं कळेल. आपल्या घरातली पिशवी फोडलेली असते. तिच्यात उरलेल्या मूठभर दाण्यांवर ‘हे आमचंच कशावरून?’ असा आक्षेप येतो. पण त्याच लॉटच्या बंद पिशव्या दुकानात असतील, तर बियाणे निरीक्षक त्यांतून रीतसर नमुना काढू शकतो आणि तो बीज परीक्षण प्रयोगशाळेत जातो. अशी प्रयोगशाळा खुद्द परभणीत आहे. मात्र जूनअखेर त्या पिशव्या भराभर विकल्या जातात. पहिला आठवडा दुकानदाराशी भांडण्यात गेला, तर नमुना काढायला पिशवीच उरत नाही. बाकी, २०१२ च्या नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे, की पेरणी करणाऱ्या शेतकऱ्यानं चाचणीसाठी बियाणं राखून ठेवावं, अशी अपेक्षा धरता येत नाही. त्यामुळं बियाणं उरलं नसेल तर हातपाय गाळायचं कारण नाही. मात्र हा निकाल बिलाची आणि मोजणीची जागा घेत नाही.

आता स्वतःच्या विरुद्ध जाणारी वस्तुस्थिती. रागाच्या मसुद्यात ती कधीच नसते आणि खरी गोम तिथंच आहे. उगवणीच्या प्रत्येक तक्रारीला ठरलेलं उत्तर असतं : ओल कमी होती, बियाणं खोल पडलं, पाऊस उघडला, बीजप्रक्रिया केली नव्हती. ही उत्तरं नेहमीच खोटी नसतात. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका आणि तीन-चार सेंटीमीटरपेक्षा खोल पेरू नका, असं कृषी खातं आणि विद्यापीठ दरवर्षी सांगतं, ते याच कारणासाठी. आपल्या शेतकऱ्याच्या महसूल मंडळात पेरणीपर्यंत ८२ मिलिमीटर पाऊस झाला होता, ही गोष्ट त्याच्या बाजूची. पण पेरणीनंतर नऊ दिवस उघडीप होती, ही त्याच्या विरुद्धची. पहिल्या मसुद्यात पावसाचा उल्लेखच नव्हता.

आम्ही म्हणतो, दोन्ही लिहा. त्यानं लपवली तरी उघडीप मंडळाच्या नोंदीत आहेच. समोरच्यानं ती काढून दाखवली तर लपवाछपवी ठरते. आपणच सांगितली तर तिचं उत्तरही आपल्याला देता येतं. आणि उत्तर त्याच्याच रानात उभं होतं. पाच एकरांत त्यानं तीन पिशव्या एका लॉटच्या पेरल्या होत्या, तर दोन पिशव्या दुसऱ्या लॉटच्या. दिवस एक, ट्रॅक्टर एक, पेरणी यंत्र तेच, रान तेच, उघडीपही तीच. दुसऱ्या लॉटच्या दोन एकरांत मीटरमागची मोजणी आली : १९, २१, १७, २०, १८, २२, १९, १६, २०, १८. सरासरी १९. ओल किंवा खोली हे कारण असतं, तर या दोन एकरांनीही दगा दिला असता. ‘चोर’ या शब्दानं जे साधणार नव्हतं, ते या दहा आकड्यांनी साधतं. पहिल्या मसुद्यात ते दोन एकर नव्हतेच, कारण ‘एक दाणाही उगवला नाही’ असं लिहिल्यावर त्यांना कुठं ठेवणार?

सगळ्यांनाच अशी तुलना हाती लागत नाही. एकच लॉट पेरलेला असेल, तर शेजाऱ्यानं जवळच्या तारखेला, सारख्याच जमिनीत, दुसऱ्या लॉटचं पेरलेलं रान मोजून त्याच्या संमतीनं नोंदवता येतं. ते तितकं भक्कम नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरं. आणि मोजून पाहिल्यावर शेजाऱ्याचंही तेवढंच कमी उगवलेलं निघालं, तर दोष बियाण्यात नसून पावसात असण्याची शक्यता आपणही मान्य करायला हवी. मोजणी कधी कधी तक्रारच थांबवते.

‘सर्व अधिकारी मिळालेले आहेत’ या वाक्याचं काय करायचं? पहिली गोष्ट, अर्ज ज्याच्या हातात जाणार तो त्या ‘सर्वां’पैकी एक आहे आणि पंचनाम्यावर सही त्याचीच होणार आहे. दुसरी गोष्ट, आपल्याला ठाऊक काय आहे? कुणी आलं नाही, एवढंच. तेवढंच लिहा, पण तारखेनं : ‘दिनांक २८ जून रोजी अर्ज दिला. पोच सोबत जोडली आहे. आज ८ जुलैपर्यंत पाहणी झालेली नाही.’ या तीन वाक्यांत एकही आरोप नाही, पण वरिष्ठांना दहा दिवसांचा जाब विचारावाच लागतो. मूळ वाक्यावर काहीच विचारता येत नव्हतं. पोच घ्यायला विसरला असाल, तर ही तीन वाक्यंही उभी राहत नाहीत.

दुकानातून ‘चार वेळा हाकलून दिलं’ तेही असंच मोकळं करावं लागतं. त्या शेतकऱ्याला विचारत गेलं, तर दोन फेऱ्या तारखेनिशी आठवतात : २६ जूनला दुकानदारानं ‘कंपनीला कळवतो’ म्हटलं, ३० ला ‘तुमची पेरणी चुकली’ म्हटलं. बाकीच्या दोन वेळा दुकान बंद होतं. मग दोनच फेऱ्या लिहायच्या. आणि ३० तारखेचं ते उत्तर अवतरणात, त्याच्याच शब्दांत द्यायचं. ते उर्मट आहे, हे वाचणाऱ्याला आपण सांगावं लागत नाही.

पाच लाखांचा आकडा रागातच येतो, कारण तो गोल असतो. नुकसानीचे दोन भाग करा. पहिला खर्च : बियाण्याचं बिल, खताचं बिल, पेरणीचं भाडं, सगळं फक्त त्या तीन एकरांपुरतं. दुसरा बुडालेलं उत्पन्न : मागच्या दोन-तीन हंगामांच्या आडतीच्या पट्ट्यांवरून आपला एकरी उतारा काढा आणि दुबार पेरणीतून जे आलं किंवा येईल, ते त्यातून वजा करा. वजाबाकी करायला जिवावर येतं, पण ती केलेली दिसली की उरलेल्या रकमेवर वाद घालणं अवघड होतं. ज्याची पावती नाही तो खर्च ‘पावती नाही’ असं म्हणूनच लिहावा.

शेवटचं वाक्य आत्मदहनाचं. आपल्याकडच्या निवेदनांत हा शब्द इतका सरावाचा झाला आहे, की लिहिणाऱ्याला त्याचं वजन जाणवत नाही. कार्यालयात मात्र तो शब्द दिसताच कागदाची वाट बदलते. पत्र पोलीस ठाण्याकडं जातं, शेतकऱ्याला समज देणारी नोटीस येते आणि सोयाबीनचा विषय कायदा-सुव्यवस्थेचा होऊन बसतो. रोपं मोजायला कुणी येत नाही. मनात खरोखरच तसं काही येत असेल, तर ते अर्जात लिहू नका, आजच घरात किंवा जवळच्या माणसाला सांगा. अर्जात मागणी लिहा : पाहणी करून पंचनामा करावा, त्याची प्रत मिळावी, त्याच लॉटचा नमुना काढावा.

एवढं झाल्यावर अर्ज असा उरतो :

‘मी दिनांक १५ जून रोजी सोबतच्या बिलाने सोयाबीनच्या पाच पिशव्या घेतल्या. तीन पिशव्यांचा लॉट एक व दोन पिशव्यांचा लॉट दुसरा आहे. दोन्ही लेबले जोडली आहेत. १८ जून रोजी एकाच ट्रॅक्टरने पाच एकर पेरणी केली. तोपर्यंत मंडळात ८२ मि.मी. पाऊस झाला होता. नंतर नऊ दिवस पाऊस नव्हता. २८ जून रोजी दोन्ही भागांत प्रत्येकी दहा ठिकाणी मीटरभर तासातील रोपे मोजली. पहिल्या लॉटची सरासरी ६.८ व दुसऱ्याची १९ आली. मोजणीचा तक्ता व फोटो जोडले आहेत. पहिल्या लॉटच्या क्षेत्रातील चार तासे पाहणीसाठी न मोडता ठेवणार आहे.’

चार तासांचं ते वाक्य सहज आलेलं नाही. शेतकऱ्याची खरी कोंडी तिथं आहे. पंचनाम्याची वाट पाहत बसावं, तर दुबार पेरणीचे दिवस निघून जातात. रान मोडावं, तर पुरावा मातीत जातो. सलग चार तासं राखून बाकीचं मोडणं हा मधला मार्ग आहे. मोडण्याआधी तारखेसह फोटो काढा, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या आणि अमुक दिवशी मोडणार आहे असं लेखी कळवा. पूर्ण रानाच्या पंचनाम्याएवढं हे भक्कम नाही, पण रागात सगळंच मोडून टाकण्यापेक्षा कितीतरी बरं.

या अर्जानं भरपाई नक्की मिळेल, असं ही पुस्तिका म्हणत नाही. समितीनं प्रतिकूल अहवाल दिला, तर पुढं परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पण तिथंही वेळ लागतो आणि चांगले अर्जही हरतात. हरताना निदान अर्जदार खोटा ठरत नाही आणि अपिलात तोच कागद पुन्हा वापरता येतो.

कुणी विचारेल, मग खरोखर लबाडी झाली असेल तर गप्प बसायचं? मुळीच नाही. मुदत संपलेल्या पिशवीवर नवं लेबल चिकटवलेलं दिसलं, तर तेच लिहा : वरचं लेबल सोललं, खाली अमुक तारखेचं निघालं, फोटो सोबत. ‘लबाडी’ हा निष्कर्ष वाचणाऱ्याला काढू द्या. सक्षम अधिकाऱ्यापुढं सद्भावनेनं केलेल्या तक्रारीला बदनामीच्या कायद्यात संरक्षण आहे. तोच मजकूर गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नावानिशी टाकला, तर त्या संरक्षणावर विसंबता येणार नाही.

आणि पहिला, रागाचा कागद फाडू नका. तो त्याच रात्री लिहिलेला असतो, म्हणून दुकानदाराचं नेमकं वाक्य, ट्रॅक्टर कितीला आला, पाऊस कोणत्या दिवशी उघडला, हे त्यातच सापडतं. पुढच्या पानांतला प्रत्येक नमुना त्यामुळं दोन कागदांचा आहे : डावीकडं रागाचा, उजवीकडं अर्जाचा. डावीकडचा घरी ठेवा, बिलाच्या पिशवीत. सहा महिन्यांनी उलटतपासणीत कुणी तारीख विचारली, तर तोच काढून पाहावा लागतो.